तिसरा दिवा विझलेला आहे ना, बाबा?

आईवडील गावी आणि मुलं दुसऱ्या शहरात, अशा घरांमध्ये महिन्यातून एखादा फोन ठरलेला असतो : "अगं, नेट गेलंय." एवढ्याशा वाक्यात चार वेगवेगळे बिघाड लपलेले असू शकतात. वायफायच्या डब्याला वीजच पोचत नसेल. बाहेरून येणारी फायबरची तार कुठेतरी तुटली किंवा मुरगळली असेल. तार धड असेल, पण कंपनीकडची जोडणी अडकून बसली असेल. किंवा डब्यापर्यंत सगळं व्यवस्थित असेल आणि बाबांच्या मोबाइलमधलं वायफाय बोट लागून बंद झालं असेल. डबा बंद करून पुन्हा चालू करण्याचा खरा उपयोग होतो तो मुख्यतः तिसऱ्या प्रकारात. तार तुटलेली असताना दहा वेळा बंद-चालू केलं तरी ती सांधली जात नाही.

यांपैकी कोणता बिघाड आहे हे डबा स्वतःच त्याच्या दिव्यांमधून सांगत असतो. ते दिवे वाचायला तांत्रिक ज्ञान लागत नाही, पण कुठे बघायचं आणि काय सांगायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. त्यासाठी डब्याशेजारी एक कागद लावून ठेवणं हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. हा कागद एकट्याने वाचून दुरुस्ती करण्यासाठी नाही. फोनवर मुलगा किंवा मुलगी असताना, दोघांनी मिळून वापरण्यासाठी तो आहे. बाबांनी बघायचं आणि सांगायचं. अर्थ लावायचं काम फोनच्या दुसऱ्या टोकाला.

आधी दिवे समजून घेऊ. घरोघरी फायबर आल्यापासून बहुतेक ठिकाणी एकच डबा असतो. त्यात बाहेरची बारीक फायबर तार येते आणि तोच वायफायही देतो. त्याच्यावर छापलेली अक्षरं इंग्रजी, करड्या रंगाची आणि इतकी बारीक असतात की चाळिशी ओलांडलेल्यालाही ती वाचताना डोळे बारीक करावे लागतात. दिवे बरेच असले तरी फोनवर कामाचे पाचच. पहिला पॉवर, म्हणजे डब्याला वीज मिळते आहे की नाही. दुसऱ्यावर पी-ओ-एन ही अक्षरं असतात. आपल्या डब्याची कंपनीच्या यंत्राशी ओळख पटली की तो स्थिर पेटतो आणि ओळख पटवणं चालू असेल तोवर लुकलुकतो. तिसऱ्यावर एल-ओ-एस असं लिहिलेलं असतं. तारेतून प्रकाश येईनासा झाला की हा लाल पेटतो, बहुधा लुकलुकत. चौथा इंटरनेटचा आणि पाचवा वायफायचा, ज्यावर डब्ल्यू-लॅन किंवा वायफाय असं लिहिलेलं असतं.

इथेच वयस्कर माणसांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो, आणि तो अगदी रास्त आहे. दोन नंबरचा दिवा लुकलुकला तर काम अपुरं आहे. पाच नंबरचा लुकलुकला तर काम जोरात चालू आहे, कारण माहिती येते-जाते तसा तो उघडझाप करतो. तीन नंबरचा विझलेला असणं हीच चांगली गोष्ट. बाकीचे विझलेले असणं वाईट. एकाच डब्यावर शेजारी शेजारी बसलेले दिवे असे उलटसुलट नियमांनी चालतात. त्यामुळे "हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड, लुकलुकला म्हणजे गडबड" असा एकच नियम सांगून भागत नाही. प्रत्येक दिव्याला त्याचा स्वतःचा प्रश्न विचारावा लागतो.

आणखी एक बारकावा रंगाचा. "कुठल्या रंगाचा आहे?" हा आपला पहिला प्रश्न असतो, पण तो शक्यतो टाळावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना रंग पिवळट, मळलेले दिसतात. काही जणांना लाल-हिरव्यातला फरक जन्मापासूनच नीट कळत नाही, आणि आयुष्यभर ते कुणाला सांगितलेलंही नसतं. त्यात हे दिवे तांदळाच्या दाण्याएवढे. सुदैवाने पाचांपैकी चार दिव्यांसाठी रंगाची गरजच नाही. एक नंबर पेटलाय की नाही, दोन नंबर स्थिर आहे की लुकलुकतोय, तीन नंबर विझलेला आहे ना, पाच नंबर पेटलाय की नाही, एवढं पुरतं. रंग विचारावा लागतो तो फक्त चौथ्याचा.

म्हणून कागद लिहिण्याआधी पुढच्या भेटीत डब्यावर थोडं काम करायचं. नेट व्यवस्थित चालू असताना त्या पाच दिव्यांच्या वर किंवा खाली पांढरे गोल स्टिकर लावून त्यांवर ठळक काळ्या शाईने १ ते ५ असे आकडे घालायचे. डब्यावर दिव्यांचा क्रम कसाही असो, आकडे मात्र वर सांगितलेल्या क्रमानेच द्यावेत. उरलेल्या दिव्यांवर काळ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले तरी काही बिघडत नाही. काही डब्यांवर पी-ओ-एन आणि एल-ओ-एस मिळून एकच दिवा असतो आणि तोच रंग बदलतो. तिथे त्या दिव्यासाठी रंगाचा प्रश्न लिहावाच लागेल. स्टिकर लावून झाले की चालू स्थितीतल्या डब्याचा समोरून एक फोटो काढून तो आपल्या मोबाइलमध्ये ठेवावा. पुढे फोनवर बोलताना आपल्या डोळ्यांसमोर तो असला पाहिजे.

मग डब्याचा प्लग जिथे लावला आहे त्या भिंतीवरच्या बटणाला एक लाल टिकली चिकटवायची. हे क्षुल्लक वाटेल, पण "बाबा, बटण बंद करा" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात भिंतीवरचं बटण असतं आणि बाबांच्या हाताखाली डब्याची दोन-तीन बटणं असतात. त्यातलं एक वायफाय बंद करतं. आणि डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, आत काडी घालून दाबायचं. ते रीसेट. ते काही सेकंद दाबून धरलं तर डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव, पासवर्ड, आणि बऱ्याच ठिकाणी कंपनीने भरलेलं लॉगिनसुद्धा पुसलं जातं, आणि मग माणूस घरी आल्याशिवाय नेट सुरू होत नाही. त्या भोकावर न चुकता चिकटपट्टी लावावी.

डबा कुठे बसवलाय हेही बघायला हवं. नेटवाल्याला सोयीचं म्हणून तो पुष्कळदा दाराच्या वर किंवा माळ्यालगत ठोकलेला असतो. दिवे वाचण्यासाठी सत्तरीच्या माणसाने स्टुलावर चढणं हे कुठल्याही बंद नेटपेक्षा वाईट. डबा टेबलाच्या उंचीवर आणून घ्यावा, बटण उभ्याने हाताला लागेल असं असावं. आणि त्याच्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल काढावा. त्याने दिवे झाकले जातात आणि डबा तापतो.

आता कागद. अक्षरं निदान बोटाच्या पेराएवढी, पांढऱ्यावर काळी, एका ओळीत एकच काम. मी लिहिला असता तर असा :

फोन स्पीकरवर ठेवा. चष्मा लावा. डब्यासमोर खुर्ची घेऊन बसा.
१ नंबर : पेटलेला आहे का?
२ नंबर : दहा अंक मोजेपर्यंत बघत राहा. स्थिर आहे की लुकलुकतो?
३ नंबर : विझलेला आहे ना? पेटलेला असेल तर काही बंद करू नका. मला सांगा.
४ नंबर : पेटलेला आहे का? रंग कोणता?
५ नंबर : पेटलेला आहे का? लुकलुकत असेल तरी चांगलंच.
मी "करा" म्हणेपर्यंत थांबा.
भिंतीवरचं लाल टिकलीचं बटण बंद करा.
डब्यावरचे सगळे दिवे विझले का ते बघून सांगा.
साठपर्यंत अंक मोजा.
तेच बटण चालू करा.
आता पाच मिनिटं कशालाही हात लावायचा नाही.
फोन मध्येच कट झाला तर तुम्ही लावू नका. मी लावते.

शेवटच्या ओळीचं कारण असं. फोन तुटला की दोघंही एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही एंगेज टोन मिळतो. कुणी लावायचं हे कागदावरच ठरलेलं बरं. फोन मुळात कुठून लावलाय तेही आधी विचारावं. व्हॉट्सअॅपवरचा कॉल वायफायवरून चालू असेल तर डबा बंद होताच तो तुटणार. फायबरबरोबर मिळालेला घरचा दूरध्वनीही त्याच डब्यातून चालतो, म्हणून तोही गप्प होणार. काही मोबाइलवर साधा कॉलदेखील वायफायवरून जातो. तेव्हा वरच्या पट्टीत वायफायच्या खुणेजवळ छोटा फोन दिसतो किंवा VoWiFi अशी अक्षरं असतात. बोलायला बसण्यापूर्वी बाबांच्या मोबाइलचं वायफाय काही वेळ बंद करायला सांगितलं की हा प्रश्न उरत नाही. मात्र नंतर ते चालू करायला सांगायची आठवण आपण ठेवायची.

साठ अंक का, तीस सेकंद का नाही, असं कुणी विचारेल. बंद करून अर्धा मिनिट थांबायला हवं असतं. डब्याच्या आत थोडी वीज साठून राहते, ती उतरावी आणि पलीकडच्या यंत्रालाही आपला डबा गेल्याचं कळावं म्हणून. पण घाईत असलेला माणूस तीस अंक बारा सेकंदांत मोजून मोकळा होतो. साठ मोजायला सांगितले की जवळपास अर्धा मिनिट आपोआप होतो.

आता एक प्रत्यक्ष फोन बघू. सांगलीतलं घर, संध्याकाळची वेळ, दुपारी दोन तास लाइट गेली होती. लेक बंगळुरूला. बाबांनी मोबाइलवरून फोन केला आहे, कागद समोर आहे.

"बाबा, एक नंबर?"

"पेटलाय."

"दोन?"

"थांब, मोजतोय... आठ, नऊ, दहा. स्थिर आहे."

"तीन?"

"तिथे अंधार आहे."

"हां, तसाच हवा. चार?"

"चार पेटलाय. लालसर वाटतोय."

इथे लेकीला बिघाड कळला. एक ठीक, म्हणजे वीज आहे. तीन विझलेला आणि दोन स्थिर, म्हणजे तार धड आहे आणि डब्याला कंपनीच्या यंत्राने ओळखलंही आहे. चौथा लाल, म्हणजे तिथून पुढे नेटमध्ये शिरताना जे लॉगिन व्हावं लागतं ते झालेलं नाही. याची दोन कारणं सर्रास असतात. पैसे भरायचे राहिलेत आणि मुदत संपली, हे एक. म्हणून लेक आधी आपल्या मोबाइलवर कंपनीच्या अॅपमध्ये बघते : मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. मग उरतं दुसरं कारण. लाइट गेली तेव्हा डबा अचानक बंद पडला, पण पलीकडच्या यंत्राच्या लेखी जुनी जोडणी चालूच राहिली. किंवा लाइट परत आली तेव्हा डबा आधी जागा झाला, नेटवाल्याकडची यंत्रं नंतर सुरू झाली, आणि मधल्या काळातल्या फसलेल्या प्रयत्नांत डबा अडकून बसला. अशा वेळी नव्याने सुरुवात करण्याचा उपयोग होतो.

"बाबा, आता करा. लाल टिकलीचं बटण."

"केलं बंद. सगळे विझले."

"मोजा साठ."

मोजणं संपतं, बटण चालू होतं. एक नंबर लगेच पेटतो. नंतर मिनिटभर फारसं काही घडत नाही, आणि हाच मिनिट फोनवर सगळ्यात लांब वाटतो. डबा आतून आपली यंत्रणा सुरू करत असतो. कधी सगळे दिवे एकदम पेटून विझतात. ती त्याची स्वतःची तपासणी.

"अगं, दोन नंबर लुकलुकायला लागलाय. मघाशी तर चांगला स्थिर होता. बिघडलं काय? परत बंद करू?"

"नको, नको. तो आत्ता कंपनीच्या यंत्राला हाक मारतोय. लुकलुकू दे त्याला. आई काय करतेय?"

हा शेवटचा प्रश्न सहज विचारलेला नाही. पाच मिनिटांच्या त्या शांततेत माणसाचा हात बटणाकडे जातो, आणि मध्येच बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लेकीने बोलणं दुसरीकडे वळवलं, त्यामुळे हात मोकळा राहिला नाही. थोड्या वेळाने बाबा स्वतःच सांगतात की दोन नंबर स्थिर झाला. आणखी थोडं थांबल्यावर चौथा हिरवा होतो आणि पाचवा पेटतो. मग लेक मोबाइलचं वायफाय चालू करायला सांगते आणि ज्या कामासाठी नेट हवं होतं तेच उघडायला लावते. दिवे ठीक आहेत म्हणून फोन ठेवायचा नाही. टीव्हीवर मालिका दिसली पाहिजे.

आता तीन नंबर पेटलेला असेल तर काय? मग कागदाचा पुढचा अर्धा भाग वापरायचाच नाही. फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही, हे निश्चित. रस्त्याच्या खोदकामात तार गेली असेल, फांदी पडली असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा खांबावरच्या पेटीत काही झालं असेल. घरात बघण्यासारखी एकच गोष्ट आहे. डब्याला लागलेली बारीक तार, जी बहुधा पिवळी किंवा पांढरी असते आणि जिच्या टोकाला बऱ्याचदा हिरवं बूच असतं, ती झाडताना किंवा कपाट सरकवताना दाबली गेली आहे का? या तारेच्या आत काच असते. साधारण सहा सेंटिमीटर रुंदीच्या वेटोळ्यापेक्षा ती जास्त आवळली गेली की प्रकाश बाहेर सांडू लागतो. दाबलेली असेल तर अलगद मोकळी करावी. बूच काढून बघायला मात्र कधीही सांगू नये. टोकाला धुळीचा कण बसला तरी बिघाड वाढतो, आणि आतला प्रकाश लेसरचा पण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. काही दिसत नाही म्हणून काहीच येत नाही असं नसतं, आणि त्या टोकात डोकावणं डोळ्यांसाठी बरं नाही. तार मोकळी करूनही तीन नंबर पेटलेलाच राहिला तर नेटवाल्याला फोन करायचा आणि "एल-ओ-एस लाल आहे, वीज आहे" एवढंच सांगायचं. हे शब्द ऐकले की "एकदा बंद-चालू करून बघा" हा टप्पा वाचतो आणि तार तपासणारा माणूस पाठवावा लागतो. म्हणून ते वाक्य, नेटवाल्याचा नंबर आणि आपला ग्राहक क्रमांक कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

एक नंबरच विझलेला असेल तर पाहणी छोटी. घरातला पंखा चालतोय का, लाल टिकलीचं बटण चालू आहे का, डब्याच्या मागे असलेली गोल पिन सैल झाली आहे का. अडॅप्टर गरम होऊन निकामी होणं हे नेहमीचंच. मरायला टेकलेला अडॅप्टर असेल तर डबा स्वतःच वारंवार बंद होऊन चालू होतो, आणि बाबा "दिवे सारखे जातात-येतात" असं सांगतात. त्या वेळी सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर काढून लावून बघायचा मोह होतो. पिन सारखीच बसते, पण व्होल्ट वेगळे असू शकतात. अडॅप्टरवर छापलेला आकडा, उदाहरणार्थ १२ व्होल्ट १ अँपिअर, आपण आधीच टिपून ठेवावा आणि तसाच नवा मागवावा.

"सगळे दिवे विझले का" ही ओळ कागदावर का आहे ते आता सांगतो. भारनियमनामुळे बऱ्याच घरांत डब्यासाठी छोटा यूपीएस लावलेला असतो. तिथे भिंतीवरचं बटण बंद केलं तरी डबा बॅटरीवर चालूच राहतो. बाबा प्रामाणिकपणे साठ अंक मोजतात, बटण चालू करतात, आणि प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. अशा घरात लाल टिकली यूपीएसच्या बटणाला किंवा डब्याच्या स्वतःच्या पॉवर बटणाला लावायला हवी. काही घरांत फायबरचा डबा वेगळा आणि वायफायचा राउटर वेगळा असतो. तिथे दोन्ही बंद करायचे, आधी फायबरचा चालू करायचा, त्याचा दोन नंबर स्थिर झाल्यावरच दुसरा. टिकल्या दोन लावाव्या लागतील, त्यांवर आकड्यांसकट.

पाचही दिवे जागच्या जागी आहेत आणि तरी नेट नाही, असंही होतं. तेव्हा एकच प्रश्न : टीव्हीवर चालतंय का? चालत असेल तर दोष मोबाइलचा. वरून पट्टी ओढताना वायफायवर बोट पडलेलं असतं किंवा विमानाच्या चित्रावर. टीव्हीवरही चालत नसेल तर एकदा बंद-चालू करून बघावं, आणि तरीही नसेल तर बिघाड नेटवाल्याच्या पलीकडे असू शकतो. मग तासभर थांबणं एवढंच हाती राहतं.

कागद लावून झाला की घरी असतानाच एकदा तालीम करावी. नेट चालू असताना आपण शेजारच्या खोलीत जाऊन बाबांना फोन लावायचा आणि त्यांनी एकट्याने कागद वाचत सगळं करायचं. आपण मध्ये जाऊन हात लावायचा नाही. ज्या ओळीवर ते थबकतील, किंवा जिथे "म्हणजे काय गं?" असं विचारतील, ती ओळ त्यांच्याच शब्दांत तिथल्या तिथे बदलून लिहायची. मग त्याच कागदाची दुसरी प्रत आईसाठी करायची, कारण नेट जातं तेव्हा बाबा भाजी आणायला गेलेले असू शकतात.